पीएचडीसाठी स्टडी लीव्ह मागताय? पत्रातले बाँड आणि पगाराचे दोन परिच्छेद आधी नीट लिहा

नमस्कार मंडळी. आज फक्त एका पत्राबद्दल बोलायचंय. शिक्षकाने पीएचडीसाठी अध्ययन रजा, म्हणजे आपण सगळे ज्याला स्टडी लीव्ह म्हणतो, ती मागताना द्यायचं पत्र. तुम्ही म्हणाल त्यात काय एवढं, "महोदय, मला रजा मिळावी ही विनंती", खाली सही, झालं. मीही असंच समजत होते, आणि माझा पहिला ड्राफ्ट ऑफिसमधल्या सीनियर बाईंनी वाचून परत दिला आणि एवढंच विचारलं, "यात पगाराचं कुठे आहे गं? आणि बाँडचं?" मी म्हटलं ते काय, नियमाप्रमाणे होईलच ना. त्या म्हणाल्या, "नियम जिथे गप्प आहे तिथे तुझं पत्र बोलणार आहे."

तेच आज उलगडून सांगते.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. पत्राने नियम बदलत नाही. तुमच्या संस्थेच्या सेवानियमांत लिहिलं असेल की रजा अर्धपगारी, तर पत्रात कितीही गोड लिहा, पूर्ण पगार मिळणार नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे स्टडी लीव्हच्या नियमांची प्रत मागून घ्या आणि पेन्सिल घेऊन बसा, जिथे स्पष्ट लिहिलंय तिथे टिक, आणि जिथे काहीच लिहिलेलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. तुमच्या पत्राचा खरा मजकूर त्या प्रश्नचिन्हांतून तयार होतो.

पत्राची सुरुवात मी पटकन उरकते कारण ती सोपी आहे. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रजा हवी, कुठे प्रवेश मिळाला, विषय काय, फुलटाइम आहे का, आणि तुम्ही किती वर्षं नोकरीत आहात. सोबत प्रवेशाचं पत्र. "साधारण तीन वर्षं" असं लिहू नका, तारखा लिहा. बस.

आता बाँड. (स्क्रीनवर परिच्छेद दाखवा.)

बाँड म्हणजे काय तर संस्था म्हणते, आम्ही तुम्हाला पगार देऊन शिकायला पाठवतोय, तर परत आल्यावर अमुक वर्षं इथेच काम करा, नाही केलंत तर पैसे परत करा. मागणी रास्त आहे, त्यावर भांडण नाही. भांडण होतं ते आकड्यावर, आणि तो आकडा एकेका शब्दाने कसा बदलतो ते बघा.

समजा एक शिक्षिका आहे. पगार महिन्याला ६०,०००. तिला ३ वर्षांची रजा मिळाली, पहिली २ वर्षं अर्ध्या पगारावर आणि तिसरं वर्ष बिनपगारी. म्हणजे संस्थेने तिला दिले ३०,००० गुणिले २४ महिने, ७,२०,०००. बाँड ३ वर्षांचा, म्हणजे ३६ महिने. ती परत आली, २ वर्षं शिकवलं, आणि मग घरातल्या कारणामुळे तिला नोकरी सोडावी लागली. राहिले १२ महिने. आता ती किती भरणार?

बाँडमध्ये "सेवा पूर्ण न केल्यास रजाकाळातील वेतन परत करावे लागेल" एवढंच असेल, तर पूर्ण ७,२०,००० मागता येतात. दोन वर्षं केलेली नोकरी हिशोबात शून्य. तेच "उरलेल्या सेवेच्या प्रमाणात" हे तीन शब्द असतील तर ३६ पैकी १२ महिने राहिले, म्हणजे एक तृतीयांश, म्हणजे २,४०,०००. फरक ४,८०,००० चा, तीन शब्दांचा!

आणि अजून एक. बाँड तीन वर्षांचा का? कारण रजा तीन वर्षांची. पण तिसऱ्या वर्षी तिने संस्थेचा पगार घेतलाच नव्हता ना. बाँडचा काळ "पगारी रजेइतका" असं ठरलं असतं तर बाँड २ वर्षांचा झाला असता, आणि ती दोन वर्षं शिकवून गेली, म्हणजे देणं काहीच नाही. तीच बाई, तीच रजा, आणि उत्तरं तीन: ७,२०,०००, २,४०,००० किंवा शून्य.

आता ऑफिस मान्य करेलच असं नाही, बऱ्याच ठिकाणी बिनपगारी काळही धरतातच, कारण तुमची जागा त्यांनी तुमच्यासाठी राखून ठेवलेली असते, आणि तो मुद्दाही अगदीच चुकीचा नाही. पण मागितलंच नाही तर विचारही होणार नाही. म्हणून पत्रात मी असं लिहीन:

"रजेनंतर संस्थेत सेवा करण्याचे बंधपत्र देण्यास मी तयार आहे. बंधपत्राचा काळ मला वेतन मिळालेल्या रजेइतका असावा आणि तो मी कामावर रुजू झाल्याच्या दिनांकापासून मोजावा. सेवा अपुरी राहिल्यास परतफेडीची रक्कम उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात ठरवावी, ही विनंती."

पहिलं वाक्य बघा, "तयार आहे". ते आधी हवं. समोरच्याला आधी कळू दे की तुम्ही पळून जाणाऱ्यातल्या नाही, मग अटींचं बोलणं जड वाटत नाही.

"रुजू झाल्याच्या दिनांकापासून" हे का? कारण काही बाँडमध्ये "पदवी मिळाल्यापासून" असतं. आता पीएचडीत थीसिस सबमिट होणं वेगळं, तो परीक्षकांकडे जाणं वेगळं, व्हायव्हा वेगळा आणि पदवी हातात येणं वेगळंच, यात महिनेच्या महिने जातात आणि ते तुमच्या हातात नसतं. तुम्ही वर्गात उभ्या राहून शिकवताय, पण बाँडचं घड्याळ सुरूच झालेलं नाही, असं होऊ शकतं. त्याच कारणासाठी हेही विचारून ठेवा की रजा संपेपर्यंत थीसिस झाला नाही तर काय, मुदतवाढ मिळेल का, आणि ती बिनपगारी असेल तर बाँडमध्ये जोडली जाणार का.

एक शब्द मात्र लाल पेनाने गोल करा: "खर्च". "रजाकाळात संस्थेने केलेला सर्व खर्च" असं बाँडमध्ये दिसलं तर थांबा. पगार हा खर्च आहेच, पण तुमच्या जागी जे बदली शिक्षक घेतले त्यांचं मानधन? संस्थेने भरलेला पीएफचा हिस्सा? वर व्याज? "खर्च"च्या पोटात सगळं मावतं. तिथे "मला प्रत्यक्ष दिलेले वेतन" असं करून मागा. आणि जामीनदार मागत असतील तर त्यांनाही हा आकडा आधी दाखवा हो, माणूस मैत्रीखातर सही करतो आणि नंतर त्याच्या दारात नोटीस जाते.

आता पगार. इथे लोक लाजतात. पगाराचं लिहिलं तर लोभी दिसू असं वाटतं, मग लिहितात "वेतनाबाबत योग्य तो निर्णय घ्यावा". अहो, हे वाक्य म्हणजे कोरा चेक उलट दिशेने!

तीन गोष्टी लिहा. पहिली, कोणता पगार. अर्धा म्हणजे मूळ वेतनाचा अर्धा की भत्त्यांसकट एकूण पगाराचा अर्धा? वरच्या उदाहरणात मी एकूण ६०,००० चा अर्धा धरला. त्यातलं मूळ वेतन समजा ४०,००० असेल आणि अर्धं फक्त त्याचंच मिळणार असेल, तर हातात २०,००० येतील. महिन्याला १०,००० चा फरक, आणि तो तुम्हाला पहिल्या महिन्याची स्लिप बघून कळणार.

दुसरी, स्टायपेंड किंवा फेलोशिप. मिळणार असेल तर आकड्यासकट सांगा, मिळणार नसेल तर "मिळणार नाही, पुढे मिळाल्यास त्वरित कळवीन" असं लिहा. काही ठिकाणी फेलोशिपमुळे पगारातून तेवढी रक्कम वजा होते म्हणून लोक गप्प बसतात, आणि दोन वर्षांनी कागद समोर आला की वसुली तर होतेच, वर माहिती लपवल्याचा ठपका येतो. वजा झालेले पैसे परवडले, ठपका नाही परवडत.

तिसरी कोणाच्या लक्षातच येत नाही: पगारातून कापलं जाणारं सगळं. कर्जाचा हप्ता, विम्याचा प्रीमियम, पीएफ. पगार अर्धा झाला तरी हप्ता पूर्णच असतो, आणि बिनपगारी वर्षात तर कापायला पगारच नाही, मग हप्ता थकला की त्याचा दंड. तुमची एक जुनी पगार स्लिप समोर ठेवा आणि कपातीच्या प्रत्येक ओळीसमोर लिहा, तिसऱ्या वर्षी हे कोण भरणार आणि कसं. पत्रात एक वाक्य पुरे: "बिनपगारी काळात माझ्या कपाती मी थेट भरेन, त्याची पद्धत कळवावी."

आणि याच परिच्छेदात वेतनवाढ आणि सेवाज्येष्ठतेचं विचारून घ्या, म्हणजे परत आल्यावर इन्क्रिमेंट धरून पगार मिळणार की जिथे सोडला तिथूनच. रजेला सेवेतला खंड धरणार नाही असं लेखी मिळालं तर सोन्याहून पिवळं.

हो, पगार चालू राहायला सहसा काही कागद वेळेवर द्यावे लागतात, गाइडच्या सहीचा प्रगती अहवाल, दुसरीकडे नोकरी करत नसल्याचा दाखला वगैरे. पत्रातच लिहा की दर सहा महिन्यांनी अहवाल पाठवीन. पण लिहिलंत तर पाठवा बरं का, कारण अहवाल नाही म्हणून पगार अडकला तर तुमचंच वाक्य तुम्हाला दाखवतील.

पत्र दिलं की दुसऱ्या प्रतीवर आवक नंबर आणि तारखेचा शिक्का घ्या. मग मंजुरीचा आदेश येईल, आणि तो बऱ्याचदा एका ओळीचा असतो: "रजा मंजूर करण्यात येत आहे." पगाराचा शब्द नाही, बाँडचा शब्द नाही. आनंदाने बॅग भरू नका. त्याच दिवशी त्या आदेशाचा नंबर टाकून दोन ओळींचं दुसरं पत्र द्या, "माझ्या अर्जातील बंधपत्र आणि वेतनाविषयीचे परिच्छेद मान्य आहेत का, याचा खुलासा मिळावा", आणि बाँडवर सही तो खुलासा हातात आल्यावरच करा.