तासाच्या दराचा छेद

मित्रहो, सांगलीतला एकटा काम करणारा एखादा इलेक्ट्रिशियन डोळ्यांसमोर आणा. त्याला घरखर्चाला महिन्याला ३०,००० रुपये लागतात. महिन्याचे २६ दिवस आणि दिवसाचे ८ तास धरून तो भागाकार करतो, १४४ येतात आणि तासाला १५० रुपये हा दर ठरतो. भागाकार बरोबर आहे, छेद मात्र चुकलेला आहे.

वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ रविवार, सण-लग्न-आजारपणाचे १८ आणि काम न मिळालेले ४५ दिवस वजा केले की २५० उरतात. हे ४५ दिवस अंदाजाने लिहू नका, मागच्या वर्षाच्या डायरीतून मोजा; पितृपंधरवड्यात नवीन काम सुरू करायला लोक कचरतात आणि पावसाळ्यात बांधकामे रेंगाळतात, हे त्यात दिसेलच. उरलेल्या दिवशीही दुकानातून माल आणणे, साइट पाहून अंदाजपत्रक देणे आणि थकबाकीसाठी फेऱ्या मारणे यांत वेळ जातो. म्हणून बिलात लागणारे तास दिवसाला ५, वर्षाला १,२५०.

आता अंश पाहू. घरखर्च ३,६०,००० रुपये. मोटारसायकल व पेट्रोल ६०,०००, मेगर, क्लॅम्प मीटर, ड्रिल यांची झीज २४,००० आणि फोन, विमा, हिशेबनीस, व्यवसाय कर मिळून २६,००० रुपये. बेरीज ४,७०,००० होते. शंभरातले ५ रुपये बुडतात असे धरून या रकमेला ०.९५ ने भागल्यास सुमारे ४,९५,००० येतात आणि दर तासाला ३९६, म्हणजे ४०० रुपये ठरतो. दीडशेच्या दराने वर्षाला १,८७,५०० रुपयेच आले असते आणि खर्च वजा जाता महिन्याला साडेसहा हजारसुद्धा हाती उरले नसते.

एवढ्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत आयकर लागत नाही. जीएसटीची नोंदणी सेवेसाठी वार्षिक २० लाखांच्या उलाढालीनंतर सक्तीची होते. पण तुमच्या बिलातून गेलेली वायर, स्विच आणि एमसीबीची किंमतही त्या उलाढालीत मोजली जाते, म्हणून माल ग्राहकाला परस्पर घ्यायला सांगणे बरे. कुपवाडच्या कारखान्याने कापलेला टीडीएस मात्र खर्च नव्हे, तो विवरणपत्रात परत मिळतो.

आपल्याकडे भाव पॉइंटवर ठरतो, तेव्हा हा दर ग्राहकाला सांगण्यापेक्षा स्वतःचा भाव तपासायला वापरावा. समजा, ४० पॉइंटचे काम प्रत्येकी ४५० रुपयांनी घेतले, १८,००० रुपये मिळाले, त्यातून मदतनिसाला ३,००० गेले आणि डायरीत ६० तास निघाले. तासाला २५० रुपयेच पडले. ४०० च्या दराने त्या कामाचे २४,००० आणि मदतनिसाचे ३,००० मिळून २७,००० रुपये व्हायला हवे होते, म्हणजे पॉइंटला ६७५.