व्हिडिओची लांबी ‘जर-तर’ मोजून ठरवा

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात शेतीचे व्हिडिओ करणारी बरीच मुलं-मुली आहेत. सांगोल्याकडं कुणी डाळिंबावर बोलतं, मंगळवेढ्याकडं कुणी मालदांडी ज्वारीवर. कॅमेरा हातात घ्यायच्या आधीच त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं, की व्हिडिओ आठ मिनिटांच्या वर गेलाच पाहिजे. काही जणांच्या डोक्यात दहा मिनिटं पक्की बसलेली असतात.

हे आकडे आले कुठून, ते आधी पाहू. यूट्यूबवर व्हिडिओच्या मध्ये जाहिरात लावायची असेल तर पूर्वी व्हिडिओ किमान दहा मिनिटांचा असावा लागायचा. जुलै 2020 पासून ती अट आठ मिनिटांवर आली. म्हणजे हा नियम जाहिरातीच्या जागेचा आहे. पाहणारा माणूस किती वेळ थांबेल, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. तरीही तीन मिनिटांचा मजकूर ताणून आठ मिनिटांचा केला जातो. ज्याला वीस मिनिटं लागतात, त्याचेही हातपाय कापून दहा मिनिटांत बसवतात. मला या दुसऱ्या प्रकाराचं जास्त वाईट वाटतं, कारण तिथं शेतकऱ्याच्या कामाची माहिती गळून जाते.

आज एकच उदाहरण नीट बघू. डाळिंबावरचा तेल्या रोग. समजा, एका मुलाला ‘तेल्या कसा ओळखावा’ असा व्हिडिओ करायचा आहे. तो बघणार कोण? बागेत उभा असलेला शेतकरी. एका हातात डाग पडलेलं फळ, दुसऱ्या हातात मोबाईल, वर ऊन. त्याला एवढंच जाणून घ्यायचं आहे, की हा तेल्याच आहे की दुसरं काही.

आता विषयाची खोली मोजू. पान उजेडाकडं धरलं की डाग पाण्यानं भिजल्यासारखा, तेलकट दिसतो, हे दाखवायला अर्धा मिनिट. फळावर काळपट डाग पडतो आणि तो इंग्रजी एल किंवा वाय अक्षरासारखा तडकतो, त्याला चाळीस सेकंद. खोडावरचे आणि फांदीवरचे डाग, अर्धा मिनिट. बुरशीचा साधा डाग शेजारी ठेवून फरक दाखवायचा, चाळीस सेकंद. आणि खात्री करून घ्यायला कुठं जायचं, वीस सेकंद. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र आपल्या केगावलाच आहे, तेव्हा हे सांगणं अवघड नाही. बेरीज झाली दोन मिनिटं चाळीस सेकंद. व्हिडिओ तेवढाच.

हाच व्हिडिओ आठ मिनिटांचा केला तर काय होतं? पहिलं मिनिट नमस्कार, चॅनलची ओळख आणि सबस्क्राइब करायची विनंती. मग डाळिंबाचं महत्त्व. ते ऐकायची त्या शेतकऱ्याला गरजच नाही, त्यानं बाग लावलेली आहे. फळावरची तडक दिसते ती चौथ्या मिनिटाला. यूट्यूब स्टुडिओत प्रेक्षक कुठं थांबले आणि कुठं निघून गेले, याची एक रेषा दिसते. अशा व्हिडिओत ती रेषा पहिल्या तीस सेकंदांतच उभ्या कड्यासारखी कोसळते आणि चौथ्या मिनिटाला उंचवटा येतो. उंचवटा म्हणजे लोक पुढं सरकवत तिथं आले, किंवा तोच भाग परत परत पाहिला. हा उंचवटा दिसला की व्हिडिओ खरा तिथून सुरू व्हायला हवा होता, असं समजायला हरकत नाही.

आता त्याच बागेतला दुसरा विषय घेऊ, ‘बहार कसा धरावा’. इथं विषयाला फाटे फुटतात. हस्त बहार धरायचा की आंबे बहार? जमीन भारी काळी असेल तर पाण्याचा ताण बसायला जास्त दिवस लागतात, हलकी मुरमाड असेल तर कमी. मागच्या हंगामात तेल्या आला असेल तर छाटणीची कात्री झाडागणिक निर्जंतुक करावी लागते. आला नसेल तरी सावधगिरी कोणती घ्यायची, ते सांगावं लागतं. पानगळ कधी करायची, हे झाडाला ताण कितपत बसला आहे त्यावर ठरतं, आणि तो बसल्याची खूण पानांवर दाखवावी लागते. या प्रत्येक ‘जर’ला एक ‘तर’ आहे आणि प्रत्येक ‘तर’ झाडावर दाखवल्याशिवाय कळत नाही.

माझ्या मते लांबी ठरवायची खरी जागा ही आहे. कागदावर विषयातले ‘जर-तर’ लिहून काढा. एकही नसेल, नुसती खूण ओळखायची असेल, तर व्हिडिओ लहानच होणार. चार-पाच निघाले, तर वीस मिनिटं होऊ द्या. मग प्रत्येक तुकडा मोठ्यानं बोलून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचून वेळ धरली तर ती हमखास कमी भरते, कारण हातानं फांदी वाकवून दाखवायला लागणारा वेळ तिच्यात धरलेला नसतो.

आता धीराकडं येऊ. बहाराचा व्हिडिओ बघणारा शेतकरी बागेत उभा नाही, तो रात्री जेवण झाल्यावर घरी बसून बघतोय. त्याचं पुढचं सगळं पीक या निर्णयावर आहे. त्याला धीर आहे, पण तो स्वतःच्या जमिनीपुरता. काळ्या रानाच्या माणसाला मुरमाड रानाची पाच मिनिटं ऐकायला लावू नका. त्यासाठी भाग पाडून द्या. व्हिडिओच्या वर्णनात वेळा लिहिल्या की ते भाग आपोआप तयार होतात. पहिली वेळ 0:00 असावी, किमान तीन भाग असावेत आणि प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा असावा. मग ज्याला जे हवं तिथं तो थेट जातो.

कधी विषय खोल असतो आणि बघणाऱ्याला अजिबात सवड नसते. पावसाची झड लागली आहे आणि आज फवारणी करायची की नाही, एवढंच त्याला ठरवायचं आहे. अशा वेळी एकाच व्हिडिओत दोन्ही कोंबू नयेत. निर्णयापुरता एक छोटा करावा, कारणांचा मोठा वेगळा, आणि छोट्यात मोठ्याची वाट दाखवावी.

आकडे वाचताना दोन ठिकाणी फसगत होते. पहिली टक्क्यांची. पावणेतीन मिनिटांच्या व्हिडिओचा सत्तर टक्के भाग सरासरीनं पाहिला गेला, तर ते दोन मिनिटांच्या आसपास झालं. वीस मिनिटांच्या व्हिडिओचा चाळीस टक्के म्हणजे आठ मिनिटं. टक्के कमी दिसले म्हणून मोठा व्हिडिओ पडला, असं होत नाही. तुलना करायची तर सारख्या लांबीच्या व्हिडिओंची करा.

दुसरी फसगत गळतीची. तेल्याच्या व्हिडिओत फळावरची तडक दाखवल्यावर लगेच काही माणसं निघून गेली, तर ती कंटाळून गेली असं नाही. त्यांना उत्तर मिळालं आणि ती फळ तोडायला गेली. उत्तराच्या आधी माणसं गेली असतील, तर मात्र सुरुवात कापा. बहाराच्या व्हिडिओत एखाद्या भागात रेषा सावकाश घसरत राहिली, तर तो भाग लांबला आहे किंवा दाखवण्याऐवजी नुसतं बोलणं चाललं आहे. तिथं व्हिडिओ थांबवून स्वतः बघा, पडद्यावर झाड आहे की तुमचा चेहरा.

आणि व्हिडिओ मोजक्याच लोकांनी पाहिला असेल, तर त्या रेषेवर विसंबू नका. तेव्हा फोन गावातल्या एखाद्या बागायतदाराच्या हातात द्या, शेजारी गप्प बसा, आणि तो कुठं पुढं सरकवतो ते लिहून घ्या.