सत्त्याण्णव टक्के कशाचे? थ्रीपीएल कंपनीशी केलेला सेवा-करार, त्यातली मोजमापे आणि दंडाचे कलम

(लघु व मध्यम उद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मित्रहो, आपल्यापैकी अनेकांचा माल आज भिवंडी किंवा चाकणच्या गोदामात दुसऱ्याच्या ताब्यात असतो. साठवण, पॅकिंग, गाडी लावणे आणि दुकानापर्यंत पोचवणे ही सगळी कामे त्रयस्थ लॉजिस्टिक्स कंपनी, म्हणजे आपण ज्याला थ्रीपीएल म्हणतो ती कंपनी करते. तिच्याशी होणाऱ्या दरांच्या करारावर आपण आठवडेच्या आठवडे घासाघीस करतो आणि त्याला जोडलेला सेवा पातळीचा करार, म्हणजे एसएलए, मात्र शेवटच्या दिवशी कुठल्यातरी जुन्या नमुन्यावरून उतरवून घेतो. आज मी त्यातल्या एकाच मोजमापाबद्दल सविस्तर बोलणार आहे. ते म्हणजे ‘वेळेवर आणि पूर्ण’ पोचलेल्या ऑर्डरींचे प्रमाण, ज्याला या धंद्यात ओटीआयएफ म्हणतात. त्यावर बसवलेला दंड कसा ठरवायचा, तेही आपण पाहू.

उदाहरणासाठी एक काल्पनिक मसाला कंपनी घेऊ. तिचा माल भिवंडीच्या गोदामात आहे आणि तिथून तो मुंबई, पुणे, नाशिक इथल्या सुपरमार्केटांना आणि वितरकांना जातो. करारात लिहिले आहे, ‘ओटीआयएफ किमान ९७ टक्के असावे.’ एवढेच. एका महिन्यात २,००० ऑर्डरी गोदामाकडे गेल्या. त्यांपैकी १,७६० ठरलेल्या दिवशी, पूर्ण मालासह पोचल्या. उरलेल्या २४० पैकी ७० ऑर्डरींचा माल गोदामात नव्हताच, कारण कारखान्यातून तो आलाच नव्हता. ६० ऑर्डरी ग्राहकाच्या दारात वेळेवर पोचल्या, पण तिथे माल उतरवून घेण्याची वेळ आधी ठरलेली नसल्याने परत आल्या आणि ती वेळ घेणे कंपनीच्या विक्री विभागाचे काम होते. ३० ऑर्डरी दुपारी दोनच्या कट-ऑफनंतर आल्या, तरी विक्री विभागाने त्यांच्यावर त्याच दिवसाची तारीख टाकली. राहिलेल्या ८० मात्र निव्वळ गोदामाच्या चुकीने बिघडल्या: ४५ उशिरा गेल्या आणि ३५ मध्ये माल कमी भरला गेला.

आता या महिन्याची टक्केवारी किती? कंपनीचा लेखापाल १,७६० ला २,००० ने भागतो आणि ८८ टक्के सांगतो. गोदामाचा व्यवस्थापक म्हणतो की २,००० पैकी फक्त ८० ठिकाणी आमची चूक झाली, म्हणून आमचे ९६ टक्के. माझ्या मते दोघेही चुकीचे मोजतात. ज्या १६० ऑर्डरींवर गोदामाचे नियंत्रण नव्हते, त्या छेदातूनच वगळल्या पाहिजेत. त्या अपयशात धरायच्या नाहीत, तशा यशातही धरायच्या नाहीत. मग १,७६० भागिले १,८४०, म्हणजे ९५.६५ टक्के हे खरे उत्तर येते. ९६ आणि ९५.६५ मधला फरक किरकोळ दिसतो, पण वगळलेल्या ऑर्डरी यशात धरण्याची सवय लागली की ज्या महिन्यात कारखान्याचाच माल उशिरा येतो, त्या महिन्यात गोदामाची कामगिरी कागदावर आपोआप सुधारलेली दिसते.

हे इथेच संपत नाही. ऑर्डर मोजायची की पेटी, हा प्रश्न राहतोच. समजा प्रत्येक ऑर्डरीत सरासरी १० पेट्या आहेत, म्हणजे वगळणुकीनंतर एकूण १८,४०० पेट्या झाल्या. उशिरा गेलेल्या ४५ ऑर्डरींच्या ४५० पेट्या बिघडल्या. कमी भरलेल्या ३५ ऑर्डरींत मात्र प्रत्येकी दोनच पेट्या भरायच्या राहिल्या, म्हणजे ७०. एकूण ५२० पेट्या चुकल्या आणि पेटीनिहाय प्रमाण ९७.१७ टक्के भरले. महिना तोच, गाड्या त्याच, पण ऑर्डरीने मोजले तर करार मोडला जातो आणि पेटीने मोजले तर पाळला जातो. ज्या सुपरमार्केटला दहापैकी आठच पेट्या मिळाल्या, ते आपल्याला आठ पेट्यांचे गुण देत नाही. त्याच्या दृष्टीने ऑर्डर अपूर्ण असते आणि आपल्या बिलातून रक्कम कापणारी डेबिट नोट त्यावर निघते. म्हणून अशा ग्राहकांसाठी ऑर्डरीने मोजावे. छोट्या वितरकांचे तसे नसते. त्यांना राहिलेला माल दुसऱ्या फेरीत चालतो, तेव्हा त्यांच्यासाठी पेटीचे माप योग्य ठरते. करारात दोन्ही गट वेगळे लिहायला हरकत नाही.

तिसरी बाब घड्याळाची. ‘पोचली’ म्हणजे गाडी ग्राहकाच्या फाटकाशी लागली की माल मिळाल्याच्या पोचपावतीवर, म्हणजे पीओडीवर, सही-शिक्का झाला? मोठ्या ग्राहकांच्या वितरण केंद्रात गाडी सकाळी आठला फाटकाशी येते आणि माल संध्याकाळी उतरतो. ही वाट पाहणे थ्रीपीएलच्या हातात नसते. त्यामुळे वेळेच्या निकषासाठी फाटकातली नोंद किंवा गाडीच्या जीपीएसची नोंद धरावी आणि ‘पूर्ण’ या निकषासाठी पीओडीवरचा आकडा धरावा, असे माझे मत आहे. एकाच कागदाकडून दोन्ही कामे करून घेतली की प्रत्येक महिन्याच्या बैठकीत तोच वाद होतो. कट-ऑफचा आणि नोंदीचा पुरावा कोणाच्या संगणकप्रणालीतून घ्यायचा, हेही नाव घेऊन लिहावे. आकडे ज्याच्या कामाचे आहेत, त्यानेच ते एकट्याने काढू नयेत.

वगळणुकींची यादी मात्र आखूड आणि बंदिस्त हवी. मुसळधार पावसात दरड कोसळून घाट अचानक बंद झाला, तर ते वगळावे. सणासुदीच्या दिवसांत अवजड वाहनांना महामार्गावर बंदी असल्याचे आधीच जाहीर झालेले असते, ते वगळू नये. ती माहिती हातात असताना गाडी आदल्या रात्री काढणे हेच थ्रीपीएलचे काम आहे. गोदामातल्या माथाडी कामगारांचे पैसे थकल्याने काम थांबले, तर तोही दैवी आपत्तीचा भाग नाही. माथाडी मंडळाकडे भरणा करण्याची जबाबदारी ज्याची आहे, त्याचा तो दोष आहे.

आता दंडाकडे येऊ. आपल्या उदाहरणातल्या कंपनीचे महिन्याचे सेवाशुल्क १८ लाख रुपये आहे. करारात लिहिले आहे की लक्ष्यापेक्षा खाली येणाऱ्या प्रत्येक टक्क्यामागे शुल्काच्या दोन टक्के, म्हणजे ३६,००० रुपये कापले जातील. त्या महिन्यात तूट १.३५ टक्क्यांची आहे. पूर्ण टक्काच मोजायचा असेल तर कपात ३६,००० होते, अपूर्णांकाला पूर्ण धरायचे असेल तर ७२,००० होते आणि प्रमाणात काढायची तर ४८,६०० होते. ‘प्रत्येक टक्क्यामागे’ या दोन शब्दांतून तिन्ही अर्थ निघू शकतात. म्हणून करारातच एक गणित करून दाखवावे, दशांशाचे दोन अंक धरायचे हेही लिहावे आणि प्रमाणात कपात ठेवावी.

पण दोन टक्के हा दर आला कुठून? बहुतेक वेळा तो बैठकीत घासाघीस करून आलेला असतो आणि इथेच कायदा आडवा येतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. न्यायालय त्या मर्यादेत राहून वाजवी भरपाई देते. १९६३ च्या फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या निकालापासून २०१५ च्या कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या निकालापर्यंत सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका मांडली आहे. नुकसान झालेले असले पाहिजे. ते सिद्ध करता येण्याजोगे असेल तर सिद्ध करावे लागते. आणि ते मोजणे अवघड असेल तिथे, आधी प्रामाणिकपणे काढलेला अंदाज असल्यास, ठरलेली रक्कम मिळू शकते. धाक बसावा म्हणून फुगवलेला आकडा या कसोटीवर टिकत नाही.

तेव्हा आपला दर तपासून पाहू. १,८४० ऑर्डरींचा एक टक्का म्हणजे १८.४ ऑर्डरी. ३६,००० रुपयांना १८.४ ने भागले की एका बिघडलेल्या ऑर्डरीमागे सुमारे १,९५७ रुपये येतात. आता स्वतःची वही उघडावी. समजा सरासरी ऑर्डर २५,००० रुपयांची आहे आणि ग्राहक बिघडलेल्या ऑर्डरीवर तीन टक्के डेबिट नोट लावतो, म्हणजे ७५० रुपये. दुसऱ्या फेरीचा खर्च ७०० रुपये. बेरीज १,४५० झाली. म्हणजे दोन टक्क्यांचा दर आपल्याच हिशेबाने जास्त आहे. दीड टक्का ठेवला तर टक्क्यामागे २७,००० रुपये, म्हणजे ऑर्डरीमागे सुमारे १,४६७ रुपये येतात आणि ते नुकसानीशी जुळते. त्या महिन्याची कपात मग ३६,४५० रुपये होते. हा हिशेब, मागच्या डेबिट नोटांसह, कराराला परिशिष्ट म्हणून जोडावा. मोठा दर पण मागे आधार नाही, यापेक्षा छोटा आणि आधार असलेला दर मला जास्त मोलाचा वाटतो, कारण तो वसूल होतो.

कपातीवर कमाल मर्यादा घालण्याचा आग्रह थ्रीपीएल धरतेच. सहसा ती महिन्याच्या शुल्काच्या काही टक्के असते आणि त्यात गैर नाही. आपल्या उदाहरणात ती दहा टक्के, म्हणजे १,८०,००० रुपये मानू. दीड टक्क्याच्या दराने ही मर्यादा ९०.३३ टक्क्यांपाशी गाठली जाते. त्याखाली कामगिरी ८५ झाली काय आणि ७० झाली काय, थ्रीपीएलला आणखी एक रुपयाही द्यावा लागत नाही. म्हणून मर्यादेच्या जोडीला करार संपवण्याचा हक्क असावा: सलग तीन महिने लक्ष्य चुकले किंवा कुठल्याही एका महिन्यात मर्यादा गाठली गेली, तर ठरलेल्या नोटिशीने बाहेर पडता येईल असा.

माल हरवणे किंवा फुटणे यांचा हिशेब या कपातीत मिसळू नये. गोदामात ठेवलेल्या मालाची काळजी हा निक्षेपाचा, म्हणजे करार कायद्याच्या कलम १५१ चा विषय आहे. रस्त्यावरच्या मालाला कॅरेज बाय रोड कायदा, २००७ लागू होतो. २०११ च्या नियमांप्रमाणे, मालाची जास्त किंमत आधी जाहीर करून त्याचा जादा आकार मान्य केलेला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती मर्यादित राहते. आठ हजार भाड्याच्या गाडीत सहा लाखांचा माल गेला, तर मिळणारी भरपाई ८०,००० च्या पुढे जात नाही. त्यासाठी जोखीम-मूल्य जाहीर करणे किंवा स्वतंत्र विमा घेणे, हाच मार्ग आहे. दाव्याआधीची लेखी सूचना बुकिंगपासून १८० दिवसांत द्यावी लागते.

शेवटचा मुद्दा वसुलीचा. कपात केल्यावर चिडलेली थ्रीपीएल गोदामाचे फाटक बंद करते आणि गेटपास देत नाही, ही या धंद्यातली खरी भीती आहे. करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे मालावर कष्ट आणि कौशल्य खर्च केलेल्या निक्षेपधारकाला, म्हणजे दुसऱ्याचा माल ताब्यात ठेवणाऱ्याला, त्या कामाच्या मोबदल्यापुरता माल अडवता येतो. त्यामुळे पॅकिंग, लेबलिंगसारख्या कामांच्या नावाखाली असा दावा होऊ शकतो. करारात असे स्पष्ट हवे की वादातल्या रकमेसाठी माल अडवता येणार नाही. महिन्याचा आकडा पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत दोघांनी मान्य करावा. मतभेद असल्यास वादातली रक्कम तेवढी बाजूला ठेवून उरलेले बिल ठरल्या दिवशी चुकते करावे. आणि करार संपला तरी शेवटची पेटी बाहेर पडेपर्यंत मालाच्या नोंदी, बॅच क्रमांक आणि कालबाह्यतेच्या तारखांसह, रोज मालकाला मिळत राहाव्यात.