ई-रिक्षा घेताय? मग आधी फेऱ्या मोजा

नमस्कार मंडळी. मी नागपूरचा, बॅटरीचं काम करणारा माणूस. आधी इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या करायचो, आता दुकानात निम्मं काम ई-रिक्षाचंच असतं. आज बोलायचंय ते ज्यांना पोटापाण्यासाठी रिक्षा घ्यायचीय त्यांच्यासाठी. कारण दुकानात माणूस येतो तो गाडी घेतल्यावर आठ महिन्यांनी, तोंड उतरवून, "भाऊ बघा ना, संध्याकाळी सहालाच बसते गाडी", आणि तेव्हा मी काय सांगणार, हप्ता तर चालूच असतो ना.

आधी दोन गाड्यांतला फरक सांगतो, यात लय घोळ होतो. एक ती साधी ई-रिक्षा, टोटो म्हणा काही म्हणा, चार सवाऱ्या आणि ड्रायव्हर, स्पीड ताशी २५ किलोमीटरच्या आत, कायद्यातच तसं बसवलंय. दुसरी बॅटरीवरची ऑटो, आपल्या नेहमीच्या ऑटोसारखी, तीन सवाऱ्या, पन्नासच्या आसपास पळते, किंमत जवळपास दुप्पट. लांबचं भाडं, ॲपवरचं भाडं, स्टेशनवरून सामानवाली सवारी, हे सगळं दुसरीचं काम. मेट्रोवरून कॉलनी, बाजारातून बसस्टॉप, दहा-पंधरा रुपये सीट, हे पहिलीचं काम. पहिली घेऊन रिंगरोडवर लांबची भाडी मारायला जाऊ नका, मागून ट्रक हॉर्न देत राहतो आणि सवारी घाबरते. आज मी पहिलीचंच बोलणार, कारण दुकानात विचारणारे बहुतेक तिचंच विचारतात.

आमच्या गल्लीतला एक पोरगा आहे, कुरिअरचं काम सुटलं म्हणून रिक्षा घ्यायला निघाला. हातात ४०,००० रुपये. दोन कोटेशन घेऊन आला माझ्याकडे. एक लेड ॲसिडची गाडी, १,६०,००० ला. दुसरी लिथियमची, २,१५,००० ला. तो म्हणाला, काका, पंचावन्न हजारांचा फरक आहे, स्वस्तवाली घेतो, पुढे पैसे आले की बॅटरी बदलीन. मी म्हटलं, बस जरा, चहा घे, आधी सांग तू चालवणार कुठं आणि दिवसाच्या फेऱ्या किती होतील?

तर म्हणे डीलर सांगतो रोजचे दीड हजार कुठं नाही गेले. मी म्हटलं डीलर तुझ्या स्टँडवर उभा राहतो का? दोन दिवस वही घेऊन तूच उभा राहा. सकाळी आठ ते रात्री आठ. नंबरला किती गाड्या असतात, एक नंबर सुटायला किती वेळ लागतो, गाडी सुटते तेव्हा आत किती सवाऱ्या असतात, परतीला रिकामी येते का, एवढं लिही. पोरगा खरंच उभा राहिला. मेट्रो स्टेशनच्या स्टँडवर नंबरला तीस गाड्या, दिवसाला एका गाडीला मिळतात चौदा फेऱ्या, बाकी वेळ बसून तंबाखू मळायची. दोन किलोमीटर पुढे दवाखाना आणि बाजार आहे तिथला स्टँड, तिथं अकराच गाड्या, आणि वीस फेऱ्या निघतात. एक फेरी चार किलोमीटरची, १५ रुपये सीट, चार सीटची गाडी पण सरासरी तीनच भरतात. म्हणजे फेरीला ४५, वीस फेऱ्यांचे ९००. दीड हजार नाही, नऊशे. आणि गाडी चालली किती? ऐंशी किलोमीटर फेऱ्यांचे, पाच-सहा घरी जाण्यायेण्याचे, म्हणजे रोजचे ८६ धरा.

आता हा ८६ चा आकडा धरून ठेवा, कारण बॅटरीचा सगळा खेळ इथं आहे.

लेड ॲसिड म्हणजे चार बॅटऱ्या, बारा-बारा व्होल्टच्या, जोडून अठ्ठेचाळीस. नव्या असताना ८५-९० किलोमीटर देतात, खोटं नाही. पण रोज पार तळापर्यंत उतरवली की त्यांच्या प्लेटा लवकर खराब होतात. चार-पाच महिन्यांनी तीच गाडी सत्तरवर येते, पुढे साठ, वर्षाच्या आसपास सेट बदलायची वेळ. त्यात चारातली एक कमजोर झाली की उरलेल्या तिघींनाही खाली ओढते. ओळखायचं कसं, तर पूर्ण चार्ज करून दोन-तीन तास तशीच ठेवा आणि मीटरने चारही वेगवेगळ्या मोजा. तीन १२.७ दाखवतात आणि एक १२.३, तर ती एक तुमचा दिवस खातेय. आणि डिस्टिल्ड वॉटर! नळाचं पाणी घालणारे लोक आहेत अजून, बाप्पा, त्यांना काय बोलावं.

लिथियम म्हणजे, आपल्याकडे रिक्षात येते ती बहुतेक लिथियम आयर्न फॉस्फेट. आत सोळा सेल, प्रत्येक ३.२ व्होल्टचा, म्हणून तिच्या पाटीवर ५१.२ व्होल्ट लिहिलेलं असतं. घेताना ती पाटी वाचा. ५१.२ व्होल्ट आणि १०५ अँपिअर-अवर असेल तर गुणाकार करा, ५,३७६, म्हणजे साधारण ५.४ युनिट वीज मावते. पाटीच नाही, किंवा डीलर म्हणतो "पावरफुल आहे, काळजी नको", तर उठून या. एका चार्जला ही ऐंशीच्या आसपास नेते, पण हिला चार तासांत पूर्ण चार्जिंग होतं, त्यामुळे दुपारी जेवायला घरी आलात आणि तासभर लावली तरी वीसेक किलोमीटर वाढतात. लेडला रात्रभर आठ-दहा तास लागतात, तिला दुपारच्या तासाभराने फार फरक पडत नाही. आणि लिथियम तीन वर्षांची वॉरंटी असलेलीच घ्या, कागदावर बॅटरीचा सिरीयल नंबर आणि तुमचं नाव हवं, आणि बिघडली तर गाडीवाला बघणार की बॅटरीवाला, हे लिहून घ्या. नाहीतर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि गाडी माझ्या दुकानापुढे उभी.

आता पैसे. पोराला एका फायनान्सवाल्याने १२ टक्के सांगितले. ऐकायला बँकेसारखं वाटतं. पण ते फ्लॅट. म्हणजे लेडच्या गाडीला १,२०,००० कर्ज, दोन वर्षं, व्याज २८,८००, हप्ता ६,२००. आता बघा, तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडताय, तरी व्याज पहिल्या दिवसाच्या एक लाख वीस हजारांवरच लागत राहतं. घटत्या शिलकीने हिशेब केला तर हे साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातं. तेच कर्ज बँकेत खरोखर १२ टक्के घटत्याने मिळालं तर हप्ता ५,६५० च्या आसपास, आणि व्याज जवळपास निम्मं. म्हणून आधी बँकेत मुद्रा कर्जाचं विचारा, पन्नास हजारांच्या वर ते पाच लाखांपर्यंतचा किशोर गट आहे, त्याला तारण लागत नाही. बँकवाले फेऱ्या मारायला लावतात हे मला माहितीये, तरी मारा. आणि फायनान्सवाल्याकडे गेलातच तर 'की फॅक्ट स्टेटमेंट' नावाचा कागद मागा, ते देणं त्यांना रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय, त्यात एपीआर म्हणून एक टक्केवारी असते, तीच खरी. बायांसाठी सरकारची पिंक ई-रिक्षा योजनाही आहे, वीस टक्के सरकार, दहा आपले, सत्तर बँकेचं कर्ज, पण ती ठरलेल्या शहरांपुरती. आणि केंद्राची सबसिडी लेडच्या गाडीला मिळत नाही. लिथियमला मिळते का आणि किती, ते बदलत राहतं, म्हणून घ्यायच्या दिवशी विचारा आणि मिळत असेल तर बिलात वजा केलेली बघा.

फायनान्सच्या लिथियममध्ये एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही. काही बॅटऱ्यांत सिमकार्ड असतं, हप्ता चुकला की लांबूनच बॅटरी बंद करतात. सही करायच्या आधी विचारून घ्या.

तर पोराचा हिशेब मी पाटीवर खडूने मांडला. लिथियमच्या गाडीला कर्ज १,७५,०००, तीन वर्षं, तोच फ्लॅट रेट, हप्ता ६,६११. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोजचे २५४. वीज रोज सहा युनिट. घरच्या मीटरवर लावलं की महिन्याला दीडशे युनिट वाढतात आणि शंभराच्या वरचा महागडा स्लॅब लागतो, म्हणून बारा रुपयांनी धरा, ७०-७२. टायर, ब्रेक, किरकोळ काम ६०, विमा वगैरे ३०. नऊशेतून हे सगळं गेलं की हातात ४८५ च्या आसपास उरतात.

लेडला हप्ता रोजचा २३८. वीज जास्त खाते, चार्जिंगमध्येच वाया जाते, ९५ धरा. बाकी तेवढंच. शिवाय वर्षाने नवा सेट, भंगार वजा जाता ३५,००० चा, म्हणजे रोज ११२ च्या जवळ बाजूला टाकायला हवेत. कोण टाकतो? कोणी नाही. पण टाकले असं समजू, तर नवी असताना ३६५ च्या आसपास उरतात. आणि सहाव्या महिन्यापासून वीसच्या सोळा फेऱ्या झाल्या की, सरासरीने धरूनही, उरतात १८५. गेलेल्या चार फेऱ्या कुठल्या, तर संध्याकाळच्या, जेव्हा बाजार भरतो आणि चारही सीट भरतात. हा मुद्दा पोराला पटला, व्होल्टचं गणित त्याच्या डोक्यावरून गेलं होतं.

लेडचं कर्ज दोन वर्षांत फिटतं आणि तिसऱ्या वर्षी हप्ता नसतो, हे खरं आहे, तो फायदा आहेच. आणि ज्याला रोज चाळीस-पन्नास किलोमीटरच चालवायचीय, सकाळी शाळेची पोरं आणि संध्याकाळी दोन तास, त्याला लेड परवडते, वर्षभराच्या वर टिकतेही, कारण ती तळापर्यंत उतरत नाही. पण शोरूममध्ये पडून राहिलेली बॅटरी घेऊ नका. बॅटरीवर बनवल्याचा महिना-वर्ष छापलेलं असतं, चार-पाच महिने चार्ज न करता पडलेला सेट नवा म्हणूनच विकतात आणि पहिल्याच पावसाळ्यात रडवतो.

पावसाळ्यावरून आठवलं, जुलै-ऑगस्टमध्ये २६ दिवस धरू नका, २२ धरा. हप्ता २६ दिवसांचाच राहतो.

पोराने शेवटी बाजाराच्या स्टँडवर आधी अध्यक्षाला विचारलं की नवीन गाडीला नंबर देता का. ते म्हणाले देतो, पण दिवाळीनंतर. म्हणून त्याने गाडी अजून बुक केलेली नाही. सध्या एकाची रिक्षा २५० रुपये रोजाने चालवतो, लिथियमचीच, आणि वहीत फेऱ्या लिहितो. परवा दाखवायला आला होता, सगळ्यात जास्त एकोणीस, सगळ्यात कमी अकरा. अकरा का, तर त्या दिवशी बाजार बंद होता.