न दिसणारा कासदाह: एका गायीपासून गोठ्यापर्यंत

कास सुजली आहे, गरम आहे, गाय हात लावू देत नाही, धारेत गाठी किंवा पाणी येतंय, अंगात ताप आहे. असा कासदाह तुम्हाला बोलावणाऱ्या पशुपालकानेच ओळखलेला असतो. ‘दगडी झालीय’ असं तो फोनवरच सांगतो. आज मला बोलायचंय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, ज्यात कास मऊ असते, दूध पांढरंशुभ्र दिसतं, गाय चारा खाते आणि तरीही एका कप्प्यात जिवाणू ठाण मांडून बसलेले असतात. याला सुप्त कासदाह म्हणतात. गोठ्यातला बहुतेक कासदाह याच रूपात असतो आणि पुढच्या गायीला लागण होते तीही बऱ्याचदा इथूनच.

आधी जिवाणू आत शिरतात कुठून ते पाहू. सडाच्या टोकाला एक अरुंद नळी असते, गायीत साधारण ८ ते १२ मिलिमीटर लांब. तिच्या भोवती घट्ट स्नायूचं वर्तुळ असतं आणि आतून केराटिन नावाचा मेणचट थर. हा थर जिवाणूंना अडकवतो आणि काही प्रमाणात मारतोही. धार काढताना ही नळी ताणून उघडते, थोडं केराटिन दुधाबरोबर वाहून जातं, आणि धार संपल्यावर ती पुन्हा पूर्ण मिटायला अर्धा ते दोन तास लागतात. म्हणजे धारेची वेळ आणि तिच्यानंतरचा तास-दीड तास हा सगळ्यात जोखमीचा काळ. म्हशीच्या सडाची नळी लांब आणि स्नायू जास्त घट्ट असतो, पण म्हणून म्हैस यातून सुटते असं समजू नका.

शिरणारे जिवाणू ढोबळमानाने दोन ठिकाणांहून येतात. शेण, ओली जमीन आणि भिजलेलं अंथरूण यांतून ई. कोलाय, क्लेबसिएला, स्ट्रेप्टोकोकस युबेरिस असे येतात. ते बहुतेक दोन धारांच्या मधल्या वेळेत सडाला चिकटतात. ई. कोलायचा कासदाह तर बऱ्याचदा विण्याच्या आसपास अचानक, तीव्र रूपात उठतो. दुसरे जिवाणू मुख्यतः रोगी कासेतच राहतात आणि धार काढताना हात, फडकं किंवा यंत्राचे कप यांवरून दुसऱ्या गायीत जातात. स्टॅफिलोकोकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकोकस अगॅलॅक्टिए ही त्यातली प्रमुख नावं. सुप्त कासदाह एकीकडून दुसरीकडे पसरत असेल, तर संशय आधी या दुसऱ्या गटावर घ्यायचा.

आता एक केस घेऊ. शिकवण्यासाठी मांडलेली आहे, पण असे गोठे तुम्हाला जागोजागी भेटतील. दहा गायी, एकच माणूस हाताने धार काढतो, सगळ्यांच्या कासा पुसायला बादलीतलं एकच ओलं फडकं. तिसऱ्या वेताची, चार महिन्यांपूर्वी व्यायलेली एक गाय दोन आठवड्यांत १६ लिटरवरून १३ लिटरवर आली आहे. चारा बदललेला नाही, ताप नाही, कास दाबून पाहिली तर मऊ. पहिल्या तीन-चार धारा काळ्या पृष्ठभागाच्या कपात घेतल्या तर गाठी नाहीत, पातळपणा नाही.

इथे नवशिक्या डॉक्टरला मोह होतो तो चारही सडांचं दूध एका भांड्यात घेऊन तपासण्याचा. हे करू नका. कारण आकड्यांतच बघा. निरोगी कप्प्याच्या दुधात शरीरातून आलेल्या पेशी, मुख्यतः पांढऱ्या पेशी, एका मिलिलिटरमागे १ लाखापेक्षा कमी असतात. २ लाखांच्या पुढे गेलं की संसर्गाचा संशय घ्यायचा. समजा तीन कप्प्यांत ५०–५० हजार आहेत आणि चौथ्यात ४ लाख. सगळ्यांचं दूध सारखं धरलं तर एकत्र दुधाची सरासरी येते १ लाख ३७ हजार ५००. गाय निरोगी ठरते आणि आजारी कप्पा निसटतो. म्हणून प्रत्येक सड वेगळा तपासायचा.

त्यासाठी गोठ्यात करता येणारी चाचणी म्हणजे कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट, आपण तिला सीएमटी म्हणतो. चार खोलगट कप्पे असलेली पांढरी प्लास्टिकची ताटली लागते आणि एक द्रावण. द्रावणात साबणासारखं डिटर्जंट आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा रंगद्रव्याचा सूचक असतो. डिटर्जंट पेशींचं आवरण विरघळवतं, आतला डीएनए बाहेर येतो आणि त्याचा बुळबुळीत गोळा बनतो. पेशी जितक्या जास्त, तितका गोळा घट्ट.

सुरुवातीच्या धारा सोडून द्यायच्या. मग प्रत्येक सडाचं दूध ताटलीतल्या त्याच्या ठरलेल्या कप्प्यात घ्यायचं. ताटलीची मूठ नेहमी गायीच्या शेपटीकडे, अशी एकच सवय ठेवा, नाहीतर कुठला सड कुठला ते विसरता. ताटली तिरकी करून जादा दूध ओतून टाकायचं. प्रत्येकात साधारण २ ते ३ मिलिलिटर उरलं की तेवढंच द्रावण घालायचं. दहा-पंधरा सेकंद ताटली आडवी, हलक्या हाताने गोल फिरवायची आणि फिरत असतानाच वाचायचं. उशीर केला तर सौम्य निकाल विरून जातो.

दूध पातळच राहिलं तर निकाल निगेटिव्ह. फिरवताना थोडा चिकटपणा दिसला आणि पुढे फिरवत राहिल्यावर गेला तर तो ‘ट्रेस’. घट्टपणा स्पष्ट आहे पण गोळा होत नाही, तो १. लगेच घट्ट होऊन मध्यभागाकडे ओढलं गेलं आणि थांबल्यावर पुन्हा तळाला पसरलं, तो २. मधोमध उंचवटा उभा राहिला आणि ताटली थांबवल्यावरही तसाच राहिला, तो ३. रंगाकडे दुय्यम लक्ष द्या. कासदाहात दुधाचा सामू वाढतो, त्यामुळे जांभळा गडद होतो, पण निर्णय घट्टपणावरच घ्यायचा.

या चाचणीला मर्यादा आहेत. व्याल्यानंतरचे पहिले काही दिवस, चीक येत असताना, चारही कप्प्यांत पेशी मुळातच जास्त असतात. दूध आटत आलेल्या गायीतही तसंच. अशा वेळी चारही कप्पे सारखेच पॉझिटिव्ह आले तर घाई करू नका, एकच कप्पा इतरांपेक्षा वेगळा आहे का ते बघा. आणि सीएमटी पेशी मोजते, जिवाणूचं नाव ती सांगत नाही.

आपल्या केसमध्ये पुढचे दोन्ही सड निगेटिव्ह, मागचा डावा ट्रेस, मागचा उजवा २. तेवढ्यावर थांबून ट्यूब चढवली असती तर गोठा तसाच राहिला असता. उरलेल्या नऊ गायीही तपासल्या. आणखी दोन गायींत एकेक कप्पा पॉझिटिव्ह निघाला, आणि धारेच्या क्रमात त्या दोघी या गायीच्या लगेच नंतर येतात. हा पुरावा नाही, पण दिशा मात्र ठरते.

पुरावा मिळतो जिवाणू संवर्धनातून, आणि तिथे नमुना बिघडवणं फार सोपं असतं. प्रतिजैविक देण्याआधीच नमुना घ्या. सडाचं टोक ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने, बोळ्यावर मळ दिसेनासा होईपर्यंत पुसा. पुसताना आधी लांबचे सड, मग जवळचे. दूध घेताना उलट, आधी जवळचे, म्हणजे पुसलेल्या सडाला हाताचा स्पर्श होत नाही. निर्जंतुक नळी तिरकी धरायची, झाकणाची आतली बाजू कुठेही टेकवायची नाही. ३ ते ५ मिलिलिटर पुरतात. नमुना बर्फात घालून पाठवा. तीन-चार प्रकारचे जिवाणू एकाच वेळी वाढून आले तर नमुना दूषित झाला असं धरून पुन्हा घ्या.

समजा या तिन्ही गायींत स्टॅफिलोकोकस ऑरियस सापडला. हा जिवाणू कासेच्या ऊतकात छोटे गळू करून आणि पेशींच्या आत दडून राहतो. औषध तिथवर नीट पोहोचत नाही, आणि दुधात तो रोज सारखा बाहेरही पडत नाही. म्हणून एखादा नमुना निगेटिव्ह आला तरी गाय सुटली असं म्हणता येत नाही. बरी होण्याची शक्यता कशावर ठरते? गाय तरुण, एकच कप्पा, संसर्ग ताजा, कासेत कठीण गाठी नाहीत, आणि संवेदनशीलता चाचणीत औषध लागू पडतंय, तर उपचाराला अर्थ आहे. म्हातारी गाय, दोन-तीन कप्पे, हाताला गाठी लागतात, तर दूध चालू असताना महागडी औषधं चढवण्यात मला काही अर्थ वाटत नाही. आपली पहिली गाय मधे पडते: तिसरं वेत, एक कप्पा, गाठी नाहीत. तिच्यावर उपचार करून बघावेत, औषधाच्या पत्रकातला पूर्ण कालावधी पाळून, आणि दूध काढून टाकण्याचे दिवस पशुपालकाला लिहून देऊन. तिचं कच्चं दूध वासरांना पाजायचं नाही, तेही त्याच कागदावर लिहा.

औषधाइतकंच महत्त्वाचं काम धारेच्या जागी आहे. सामाईक फडकं त्याच दिवशी बंद. प्रत्येक गायीला स्वतंत्र, कोरडं, धुतलेलं फडकं किंवा कागद. धार संपताच सडाचा निदान खालचा दोन-तृतीयांश भाग आयोडीनच्या द्रावणात बुडवायचा. सडांसाठी बनवलेल्या द्रावणात आयोडीन साधारण अर्धा ते एक टक्का असतं. जखमेवरचं द्रावण अंदाजाने पातळ करून वापरू नका, सडाची कातडी फाटते आणि फाटलेल्या कातडीवर हाच जिवाणू वाढतो. धारेचा क्रम बदला: आधी पहिलारू, मग तपासून निगेटिव्ह आलेल्या, शेवटी या तिघी. अंगठा दुमडून सड ओढण्याची सवय असेल तर मुठीने धार काढायला शिकवा, दुमडलेल्या अंगठ्याने सडाला आतून इजा होते. आणि धारेनंतर गव्हाणीत ताजा चारा टाका, म्हणजे नळी मिटेपर्यंत गाय उभी राहते, शेणात बसत नाही.

उपचारानंतर लगेच सीएमटी करून निराश होऊ नका. जिवाणू गेल्यावरही पेशी काही आठवडे वाढलेल्याच असू शकतात. दोन आठवड्यांनी आणि पुन्हा चार आठवड्यांनी त्याच सडाचं संवर्धन करा. दोन्ही निगेटिव्ह आले तर गाय क्रमात पुढे सरकवा. पुन्हा तोच जिवाणू आला तर दुसरी फेरी करत बसण्यापेक्षा ती धारेत शेवटीच ठेवा आणि आटवताना प्रत्येक सडात भाकड काळासाठीची दीर्घकाळ टिकणारी ट्यूब भरा. ट्यूब भरण्याआधी सडाचं टोक पुन्हा अल्कोहोलने पुसा आणि नळीचं तोंड पूर्ण आत न घालता फक्त ३ मिलिमीटरच्या आसपास घाला, म्हणजे केराटिनचा थर खरवडला जात नाही. व्याल्यानंतर चीक संपला की चारही सड पुन्हा तपासा. तोच कप्पा तरीही पॉझिटिव्ह असेल, तर ती गाय कळपातून काढण्याबद्दल पशुपालकाशी स्पष्ट बोलायची वेळ आलेली असते.