प्रिंटरचा पत्ता प्रिंटरलाच विचारा

नमस्कार, श्रोतेहो.

घरातला किंवा दुकानातला वायफायवरचा प्रिंटर काल चालत होता आणि आज लॅपटॉपवर 'ऑफलाइन' दिसतो. अशा वेळी बहुतेक जण सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकतात, आणि अख्खी संध्याकाळ त्यातच जाते. त्याआधी प्रिंटरकडूनच एक कागद छापून घ्यावा, एवढंच मला आज सांगायचं आहे. हा कागद म्हणजे नेटवर्क कॉन्फिगरेशन रिपोर्ट. तो प्रिंटरच्या आतूनच तयार होतो. त्याला लॅपटॉप लागत नाही, मोबाइल लागत नाही, कुठलं ॲपही लागत नाही.

एचपीच्या डेस्कजेट २६०० मालिकेचं उदाहरण घेऊ. ट्रेमध्ये साधे ए-फोर कागद ठेवा. पॅनेलवर वायफायच्या चिन्हाचं एक बटण आहे आणि इंग्रजी 'आय' अक्षराचं दुसरं. दोन्ही एकदम दाबा. वायफायच्या चाचणीचा अहवाल आणि नेटवर्कची माहिती, दोन्ही छापून येतात. ज्या प्रिंटरला छोटा पडदा असतो, त्यात हेच काम मेनूतल्या 'रिपोर्ट्स' किंवा 'नेटवर्क' या भागात सापडतं.

कागदावर ओळी खूप असतात, पण घाबरू नका. एक प्रसंग सांगतो, म्हणजे नेमकं काय बघायचं ते कळेल. घरी शिकवण्या घेणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्याकडे नवा राउटर बसला. बसवणाऱ्याने वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला, त्यामुळे मोबाइल, टीव्ही सगळं आपोआप जोडलं गेलं. प्रिंटरचा निळा दिवाही स्थिर जळत होता. तरी प्रश्नपत्रिका काही छापली जाईना.

त्यांच्या कागदावर 'स्टेटस'समोर 'कनेक्टेड' होतं, आणि 'नेटवर्क नेम'समोर घरच्याच वायफायचं नाव. म्हणजे प्रिंटर दुसऱ्या कुणाच्या वायफायवर गेलेला नव्हता. पुढे 'आयपी ॲड्रेस' होता 192.168.1.50. हाच प्रिंटरचा पत्ता. त्याखाली 'डिफॉल्ट गेटवे' 192.168.1.1, म्हणजे प्रिंटरच्या समजुतीप्रमाणे राउटरचा पत्ता. मग मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कचा तपशील उघडला. तिथे गेटवे होता 192.168.0.1. तिसरा आकडा बघा. प्रिंटरकडे एक, मोबाइलकडे शून्य. वायफाय एकच, पण प्रिंटर जुन्या राउटरच्या काळातला पत्ता धरून बसला होता.

असं का झालं, तेही त्याच कागदावर होतं. 'कॉन्फिगरेशन सोर्स'समोर 'मॅन्युअल' छापलेलं होतं. एरवी तिथे 'डीएचसीपी' असतं, म्हणजे राउटर पत्ता देतो आणि प्रिंटर तो घेतो. इथे कधीतरी कुणीतरी हाताने पत्ता पक्का करून ठेवला होता. राउटर बदलला, पत्ता तोच राहिला.

उपायही बटणांवरच झाला. या मालिकेत वायफायचं आणि रद्द करण्याचं बटण एकत्र तीन सेकंद दाबून धरलं की प्रिंटरची नेटवर्क सेटिंग पुसली जाते. मग वायफायचं बटण तीन सेकंद दाबून धरायचं आणि दोन मिनिटांच्या आत राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण दाबायचं. पुन्हा कागद काढला, तर पत्ता 192.168.0 ने सुरू होणारा आणि सोर्स डीएचसीपी. लॅपटॉपवर जुना प्रिंटर काढून नव्या पत्त्याने जोडला आणि प्रश्नपत्रिका बाहेर आली. तुमच्या राउटरला डब्ल्यूपीएस नसेल, तर मात्र पासवर्ड देण्यासाठी ॲपची मदत घ्यावी लागेल.

कागदावर पत्ता 169.254 ने सुरू होत असेल, तर अर्थ वेगळा. प्रिंटरने राउटरकडे पत्ता मागितला, तो मिळाला नाही, म्हणून त्याने स्वतःच एक घेतला. तेव्हा राउटर बंद करून चालू करा, मग प्रिंटर. आणि 192.168.223.1 हा आकडा दिसला, तर तो घरच्या नेटवर्कचा पत्ता समजू नका. एचपीच्या प्रिंटरमध्ये तो वायफाय डायरेक्टचा, म्हणजे मोबाइल थेट प्रिंटरला जोडण्याचा पत्ता असतो. चुकून तोच लॅपटॉपमध्ये भरला, तर घरच्या वायफायवरून प्रिंटर सापडणार नाही.

खरा पत्ता हाती आला की तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाइप करून बघा. प्रिंटरचं स्वतःचं पान उघडलं, तर नेटवर्क ठीक आहे आणि दोष लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आहे.

आणखी एक. घरच्या वायफायचा पासवर्ड या कागदावर नसतो, पण वायफाय डायरेक्टचा पासवर्ड बऱ्याचदा छापलेला असतो. दुकानात प्रिंटर असेल, तर काम झाल्यावर हा कागद रद्दीच्या गठ्ठ्यात टाकू नका, फाडून टाका.

नमस्कार.