आपलाच खोका, परक्याचा टोनर

नमस्कार श्रोतेहो.

प्रिंटरदुरुस्तीच्या धंद्यात मला 22 वर्षं झाली. निम्मी ठाण्यात गेली, निम्मी वाशी-नेरूळच्या ऑफिसांमध्ये. एवढ्या वर्षांत सगळ्यात जास्त वेळा कानावर आलेला प्रश्न एकच, "अहो, हा टोनर ओरिजिनल आहे ना?" आणि गंमत अशी, की विचारणाऱ्याने तो टोनर तोवर प्रिंटरमध्ये बसवलेला असतो. अर्धा पुरावा तिथेच पुसला जातो. कसा, ते सांगतो. पण आधी माझ्या मावसबहिणीची गोष्ट ऐका.

ताईचं नौपाड्यात डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, आणि सप्टेंबर आला की सोसायट्यांच्या वार्षिक सभेचे अहवाल. फ्लेक्सचं काम ती घेत नाही. पैसा फ्लेक्समध्येच आहे, पण ती नाही म्हणते आणि मला ते फार आवडतं. चौकाचौकात वाढदिवसांचे एवढे चेहरे टांगलेत, की ठाण्यात रस्त्याची पाटी शोधायची म्हणजे आधी दहा भावी नगरसेवकांना नमस्कार करावा लागतो. असो.

तर दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. सभा रविवारी, अहवाल शुक्रवारी रात्री छापायला घेतला. रात्री साडेनऊला ताईचा फोन, "अरे, कागद राखाडी यायला लागलेत. आणि प्रत्येक पानावर एक काळा ठिपका. नवीन टोनर आहे, आजच फोडलाय." मी म्हटलं, "ताई, थांबव. आणखी कागद घालू नकोस. आलोच."

पोचलो तर टेबलावर वाया गेलेल्या पानांची थप्पी. मी एक पान घेतलं आणि तिच्याकडे पट्टी मागितली. ठिपका एकच नव्हता, वरपासून खालपर्यंत एका रेषेत चार होते. दोन ठिपक्यांमधलं अंतर मोजलं, साडेसात सेंटिमीटर. पुढच्या दोन ठिपक्यांत तेवढंच. श्रोतेहो, हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. छोट्या लेझर प्रिंटरच्या टोनरमध्ये जो हिरवा-निळा चकचकीत ड्रम असतो, तो साधारण 24 मिलिमीटर जाडीचा असतो. त्याचा घेर काढा, साडेसात सेंटिमीटर. म्हणजे ड्रमवर एका जागी ओरखडा आहे आणि ड्रमच्या प्रत्येक फेरीला तो कागदावर उमटतोय. आज फोडलेल्या टोनरचा ड्रम ओरखडलेला कसा?

"ताई, हा कुठून घेतलास?" म्हणालो. तर नेहमीच्या दुकानातून नाही. एक मुलगा स्कूटरवर येऊन दोन खोके देऊन गेला होता, नेहमीपेक्षा सहाशे रुपयांनी स्वस्त. "पण पॅक होते रे," ती म्हणाली, "मी नीट बघून घेतलेत."

बघून घेतले होते, खरंच. दुसरा खोका अजून फोडलेला नव्हता. त्याशिवाय ताईकडे तिसराही एक होता. पूर्वी कधीतरी शोरूममधून आणलेल्या टोनरचा रिकामा खोका, त्यात ती रबरी शिक्के ठेवते. मी म्हटलं, वा, नमुना मिळाला. शेजारचे पेढीवाले काका दुकान बंद करून हिशेब करत बसले होते, त्यांच्याकडून सोनाराचं भिंग आणलं. दहापट मोठं दाखवणारं, हिरा बघायचं.

आधी शिक्क्यांचा खोका भिंगाखाली धरला. मागच्या बाजूची बारीक काळी अक्षरं घोटीव काळी, कडा सुरीने कापल्यासारख्या. मग न फोडलेला खोका धरला. आणि ताई ओरडलीच, "अरे, हे तर ठिपके आहेत!" काळ्या अक्षरांच्या कडेने गुलाबी, निळे, पिवळे ठिपके सांडलेले. याचं कारण सोपं आहे. खऱ्या खोक्यावरचा बारीक काळा मजकूर एकाच काळ्या शाईने छापलेला असतो. नकली खोका करणारा खरा खोका स्कॅन करतो आणि ते चित्र चार रंगांत छापतो, म्हणून त्याचं काळं अक्षरसुद्धा रंगीत ठिपक्यांनी बनतं. नुसत्या डोळ्यांना ते थोडं फुगलेलं, मऊ दिसतं. भिंगाखाली सुटका नाही. लोगो बघू नका, लोगो सगळेच नीट करतात. सगळ्यात बारीक काळं अक्षर बघा.

म्हणजे न फोडलेला खोका नकली. आता फोडलेला. तो भिंगाखाली धरला आणि मीच गप्प झालो. छपाई अगदी अस्सल. अक्षरं घोटीव, एकही रंगीत ठिपका नाही. कंपनीचं चकाकणारं लेबलसुद्धा खरं, तिरपं केलं की त्यातली चिन्हं हलत होती. फक्त एमआरपीच्या स्टिकरची कड जरा जाड वाटली. नखाने उचकटली, तर खाली दुसरं स्टिकर. वरच्यावर आयातीचा महिना ताजा, खालच्यावर दोन वर्षांपूर्वीचा.

मग झाकणाची पट्टी बघितली. कारखान्यात खोका गोंदाच्या एकाच थराने चिकटवतात, आणि तो उघडला की पुठ्ठ्याचा वरचा पापुद्रा फाटून निघतो. इथे फाटलेल्या पापुद्र्यावर पारदर्शक गोंदाचा दुसरा थर होता. मी झाकण आतून उलटं केलं आणि दिव्याखाली धरलं. आत निळ्या बॉलपेनने लिहिलं होतं, "लावला 12 मार्च", आणि खाली एक छोटी रेघ.

ताईने खोका माझ्या हातातून घेतला. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे माझं अक्षर आहे."

श्रोतेहो, टोनर कधी लावला ते ताई झाकणाच्या आत लिहून ठेवते, किती दिवस चालला ते कळावं म्हणून. तो खोका, आतल्या संपलेल्या टोनरसकट, तिने दोन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला दिला होता. अख्ख्या खोक्याला तो वीस रुपये जास्त देत होता. आणि तोच खोका फिरून, पावडर भरून, गोंद लावून, पूर्ण भावाला सहाशे कमी करून तिच्याच टेबलावर आला होता! मी ही गोष्ट आजवर शंभर जणांना सांगितली असेल, शेवटी ताई कपाळाला हात लावते तेव्हा मला अजून हसू येतं. तिला येत नाही.

आता मुद्द्याचं. खोका खरा म्हणजे माल खरा, असं नाही. लेबल आणि त्यावरचा कोड खोक्याचा असतो, आतल्या टोनरचा नसतो. म्हणून टोनर हातात घेऊन बघायचा, आणि प्रिंटरमध्ये घालण्याआधी बघायचा. आधी बघा, मग बसवा.

का आधी? चिपमुळे. टोनरच्या बाजूला नखाएवढी हिरवी पट्टी असते, तिच्यावर सोनेरी चौकोन. टोनर आत सरकतो तेव्हा प्रिंटरच्या स्प्रिंगच्या पिना त्या चौकोनांवरून घासत जातात आणि केसाएवढी रेघ उमटते. न वापरलेल्या चिपवर अशी लांब रेघ नसते. कारखान्यात तपासणी झाली असेल तर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसू शकतो, त्याला घाबरू नका. ठिपका चालेल, लांब रेघ चालणार नाही. पण तुम्ही एकदा टोनर आत घातलात की रेघ तुमच्याच प्रिंटरने मारली की आधीची आहे, हे कोणी सांगू शकत नाही. दुकानदाराशी भांडायचा पुरावा गेला. आधी बघा, मग बसवा.

हुशार रिफिलवाला जुनी चिप काढून नवी बसवतो, कारण संपलेल्या चिपवर प्रिंटर टोनर रिकामाच दाखवतो. मग रेघ सापडणार नाही. अशा वेळी चिपच्या भोवती बघा. खरी चिप प्लॅस्टिकच्या खोबणीत सरळ बसलेली असते. बदललेल्या चिपच्या कडेला ब्लेडने कापलेलं प्लॅस्टिक, पिवळट गोंद किंवा दोन्हीकडून चिकटणारी टेप दिसते. ताईच्या टोनरची चिप तर एका अंगाला कललेली होती. आणि एक सांगतो, काही जुन्या मॉडेलांच्या टोनरला चिपच नसते. 12A नावाने मिळणारा तो प्रसिद्ध टोनर घ्या, त्याला चिप नाही. तिथे हा उपाय चालणार नाही, सीलवरच भरवसा.

आता सील. बऱ्याच टोनरमध्ये पावडरीच्या तोंडावर एक पट्टी असते. बाजूचा कान तोडून ओढली की ती हातभर लांब येते, एकसारखा ताण देत, स्वच्छ. मी ताईला विचारलं, तुझी कशी आली? ती म्हणाली, "आली कुठे? कान हातात आला." कान नुसता सेलोटेपने चिकटवलेला, मागे पट्टीच नाही. पावडर भरल्यावर तोंड परत सीलबंद करायला यंत्र लागतं, एवढी खटपट स्कूटरवाला करत नाही. काही नव्या मॉडेलांत पट्टी नसतेच. तेव्हा आतल्या कागदावर पट्टी ओढायचं चित्र आहे का ते बघा. चित्र आहे आणि पट्टी नाही, तर टोनर परत. शाईच्या कार्ट्रिजलाही तेच, खालच्या तोंडावरची टेप एका पट्टीत सपाट हवी. वरच्या लेबलवर बोट फिरवा, खाली खड्डा लागला तर सुईने भरलेलं आहे.

रिफिल वाईट, असं मी म्हणत नाही हं. मी स्वतः भरून देतो, पोटापाण्याचा धंदा आहे. पण रिफिल म्हणून, रिफिलच्या भावात, बिलावर लिहून.

त्या रात्री आम्ही माझ्या वर्कशॉपमधला टोनर आणून अहवाल छापला, पहाटे अडीचला संपला. स्कूटरवाल्याचा फोन त्यानंतर लागला नाही. ताई मात्र आता टोनर संपला की कटर घेते, खोक्याचं लेबल आडवं कापते, चारही झाकणं फाडते, चिप पक्कडीने उचकटून काढते आणि मगच भंगारवाल्याला देते. तो कुरकुर करतो, फाटक्या खोक्याला रद्दीचाच भाव देतो. वीस रुपये कमी. आणि तो "लावला 12 मार्च" लिहिलेला खोका तिने दिलेला नाही. रबरी शिक्के आता त्यात असतात.

नमस्कार.